एकच तपासणी, दोन निकाल

भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमाग वस्तीत आशाताई दारावर येतात आणि सांगतात, "ताई, गुरुवारी शिबिर आहे. तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. दुखत नाही, पाच मिनिटांचं काम." घरातली कॉलेजला जाणारी मुलगी त्या तपासणीचं नाव विचारून घेते. व्हीआयए. संध्याकाळी ती मोबाइलवर शोध घेते आणि गोंधळते. मुंबईत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे की, या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला दुसरा मोठा अभ्यास मात्र म्हणतो की, याच तपासणीने मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. दोन्ही महाराष्ट्रातले आणि दोन्हींत टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधक. मग आईला गुरुवारी पाठवायचं की नाही?

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यातले दोन्ही अभ्यास खरे आहेत. शोधनिबंधाच्या सुरुवातीला जो सारांश असतो, त्यात या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही, कारण तिथे फक्त निकाल असतो. उत्तर आहे ते बहुतेक वाचक ओलांडून जातात त्या 'पद्धती' या भागात. संशोधकांनी कोणाला निवडलं, कशी वाटणी केली, नेमकं काय केलं, काय मोजलं आणि कधीपर्यंत मोजलं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. तो भाग वाचायला डॉक्टर असण्याची गरज नाही. काही साधे प्रश्न हाताशी ठेवून सावकाश वाचावा लागतो, इतकंच.

आधी तपासणीविषयी थोडंसं. व्हीआयएमध्ये गर्भाशयाच्या मुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखा द्रव लावतात आणि सुमारे मिनिटभराने उजेडात डोळ्यांनी पाहतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरट दिसतो. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, उत्तर तिथल्या तिथे मिळतं. दुसरी तपासणी पॅप स्मिअर. तीत पेशी काढून काचपट्टीवर घेतात आणि तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसरी एचपीव्ही तपासणी. हा कर्करोग ज्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गामुळे होतो, त्याचाच अंश ती नमुन्यात शोधते.

आता उस्मानाबादचा अभ्यास. तो १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सहभागी होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया अभ्यासात होत्या. त्यांचे चार भाग केले होते: एकाला एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला व्हीआयए आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही, फक्त नेहमीची आरोग्यसेवा. या चौथ्या भागाला नियंत्रण गट म्हणतात.

पद्धती वाचताना पहिला प्रश्न असा: ही वाटणी कोणी आणि कशी केली? उस्मानाबादेत एकेका बाईची चिठ्ठी काढलेली नाही. गावांचे ५२ समूह केले आणि समूहांची वाटणी यादृच्छिकपणे, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडता केली. प्रत्येक भागाच्या वाट्याला १३ समूह आले. असं का केलं, याचं कारण गावात राहणाऱ्याला लगेच कळेल. एकाच गल्लीतल्या दोन जावांपैकी एकीला तपासणी आणि दुसरीला नाही, असं सांगितलं, तर दुसरी शेजारणीबरोबर शिबिराला जाऊन बसणार. मग दोन गटांतला फरकच पुसला जाईल. शिवाय परिचारिका, तंबू, वाहनं, औषधं हे सगळं गावाच्या हिशेबानेच हलवावं लागतं.

या सोयीची एक किंमत असते. एका समूहात सरासरी अडीच हजार स्त्रिया होत्या, पण त्या एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र नाहीत. त्यांचं प्राथमिक आरोग्य केंद्र एक, रस्ता एक, लग्नाच्या वयाच्या चालीरीती सारख्या. त्यामुळे अभ्यासातून मिळणारा पुरावा सव्वा लाखांहून अधिक सुट्या स्त्रियांइतका पक्का नसतो. तो ५२ समूह आणि सव्वा लाख यांच्यामध्ये कुठेतरी असतो. समूहांत वाटलेल्या अभ्यासाचं गणित प्रत्येक बाई स्वतंत्र असल्यासारखं मांडलं, तर निकाल असतो त्यापेक्षा जास्त पक्का दिसू लागतो. म्हणून समूहांचा विचार करून गणित केलं आहे का, हे पद्धती विभागाच्या शेवटी, आकडेमोडीच्या परिच्छेदात पाहायचं असतं. उस्मानाबादच्या निबंधात ते केलेलं आहे.

दुसरा प्रश्न आणखी महत्त्वाचा: मोजणीत कोण धरलं? व्हीआयएच्या गटात ३४,०७४ स्त्रिया होत्या. बोलावणं सगळ्यांना गेलं, पण सगळ्या आल्या नाहीत. जवळपास पाचातली एक तपासणीला आलीच नाही. तरीही मृत्यू मोजताना न आलेल्याही त्याच गटात धरल्या. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे चुकीचं वाटतं. जिची तपासणीच झाली नाही, तिचा मृत्यू तपासणीच्या खात्यात का घालायचा?

कारण असं की, येणारी बाई आणि न येणारी बाई सारखी नसते. जिला घरातून निघता येतं, मजुरी बुडवणं परवडतं, अंगावर पांढरं जाणं किंवा रक्तस्राव लपवावासा वाटत नाही, ती येते. अशी बाई तपासणी नसतानाही आजार झाल्यावर लवकर दवाखाना गाठते. फक्त आलेल्यांचीच तुलना नियंत्रण गटाशी केली, तर तिच्या परिस्थितीचं श्रेय तपासणीला मिळेल. वाटणीने दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या, त्या नंतरच्या गाळणीने पुन्हा विषम होतील. म्हणून ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं, हा नियम. त्यामुळे मिळणारं उत्तर 'तपासणी केली तर काय होतं' या प्रश्नाचं नसतं. ते 'तपासणीचा कार्यक्रम गावात आणला तर काय होतं' या प्रश्नाचं असतं. सरकारला हवं असतं ते हेच दुसरं उत्तर.

आता आकडे. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यात नियंत्रण गटातल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी ३४. व्हीआयए गटातल्या ३४,०७४ पैकी ५६. दर लाखामागे साधा हिशेब केला, तर नियंत्रण गटात सुमारे २०३, एचपीव्ही गटात १००, व्हीआयए गटात १६४. म्हणजे एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. ही अभ्यासाची मोठी बातमी होती आणि ती पक्की होती. पण व्हीआयए गटातही आकडा कमीच दिसतो. मग 'लक्षणीय घट नाही' असं का लिहिलं?

समूह आणि पाठपुराव्याचा काळ हिशेबात धरून निबंधात व्हीआयएसाठी दिलेलं गुणोत्तर ०.८६ आहे. म्हणजे नियंत्रण गटात १०० मृत्यू झाले, तर इथे ८६. पण त्याच्या शेजारी एक पल्लाही छापलेला आहे: ०.६० ते १.२५. योगायोगाला जितकी जागा आहे ती लक्षात घेता, खरं उत्तर या पल्ल्यात कुठेही असू शकतं, असा त्याचा ढोबळ अर्थ. तपासणीने मृत्यू ४० टक्क्यांनी घटत असतील, किंवा काहीच फरक पडत नसेल, किंवा मृत्यू थोडे वाढलेलेही असू शकतील. ५६ आणि ६४ इतक्या लहान संख्यांवरून याहून नेमकं सांगता येत नाही. म्हणजे उस्मानाबादचा अभ्यास 'व्हीआयए निरुपयोगी आहे' असं म्हणतच नाही. 'आमच्या या रचनेत व्हीआयएचा फायदा सिद्ध झाला नाही' एवढंच तो म्हणतो. या दोन वाक्यांमधलं अंतर सारांशात आणि बातमीच्या मथळ्यात बहुतेक वेळा नाहीसं होतं.

आता मुंबई. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांत सुरू केलेला हा अभ्यास २०१४ मध्ये 'जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट'मध्ये आला. इथे वस्त्यांचे २० समूह होते, स्त्रिया ३५ ते ६४ वयाच्या. व्हीआयए गटात ७५,३६० आणि नियंत्रण गटात ७६,१७८. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यूंचं गुणोत्तर ०.६९ आलं, पल्ला ०.५४ ते ०.८८. हा पल्ला पूर्णपणे १ च्या खाली आहे, म्हणून इथे घट पक्की मानली गेली.

दोन्ही पल्ले शेजारी शेजारी ठेवले की गोंधळ बराचसा निवळतो. मुंबईचा ०.६९ हा आकडा उस्मानाबादच्या ०.६० ते १.२५ या पल्ल्यात आरामात बसतो. दोन अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत. एकाला नीट दिसलं, दुसऱ्याला धूसर दिसलं. मुंबईत दोनच गट होते, त्यामुळे प्रत्येक गट दुपटीहून मोठा झाला. पाठपुरावाही चार वर्षं जास्त. मृत्यूंची संख्या वाढली की पल्ला अरुंद होतो. उस्मानाबादच्या संशोधकांनी एकाच अभ्यासात तीन तपासण्या बसवल्या, त्यामुळे एचपीव्हीचा मोठा फरक दिसला. पण व्हीआयएचा त्याहून लहान फरक असलाच, तर तो पकडायला हाताशी पुरेशा स्त्रिया उरल्या नाहीत.

तरीही सगळं योगायोगावर सोडता येत नाही. म्हणून तिसरा प्रश्न: नेमकं काय केलं आणि किती वेळा? 'व्हीआयए' हा शब्द दोन्हीकडे एकच असला, तरी त्यामागचं काम वेगळं आहे. उस्मानाबादेत तपासणी एकदाच झाली. मुंबईत ती दर दोन वर्षांनी, अशी चार फेऱ्यांत झाली. पहिल्या फेरीत नजरेतून सुटलेला पांढरा डाग दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत सापडायला वाव होता. मुंबईत तपासणी करणाऱ्या डॉक्टर किंवा परिचारिका नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. ८९ टक्के स्त्रियांनी तपासणीत भाग घेतला. ज्यांच्यात दोष आढळला, त्यांतल्या सुमारे ७९ टक्के पुढच्या निदानासाठीही पोहोचल्या.

मग चार फेऱ्या हेच कारण, असं म्हणून मोकळं व्हावं का? इथे तामिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्याचा अभ्यास आडवा येतो. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात व्हीआयए एकदाच झाली, तरी मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. तिथल्या पद्धतीत एक वेगळी गोष्ट होती. तपासणी करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका होत्या, आणि दोष दिसला की शक्य तिथे त्याच भेटीत अतिशीत उपकरणाने तो भाग नष्ट करण्याचा उपचार दिला जात असे. तेव्हा फेऱ्यांची संख्या, पाहणाऱ्या डोळ्यांचं कौशल्य, तपासणी आणि उपचार यांतलं अंतर, या सगळ्यांचा वाटा असू शकतो. तीन अभ्यासांत एकाच वेळी इतक्या गोष्टी बदललेल्या असताना त्यांतली एक निवडून तिलाच कारण ठरवणं, हे पुराव्याच्या पुढे जाणं होईल.

चौथा प्रश्न: काय मोजलं? मुंबईच्या अभ्यासात मृत्यू घटले, पण नव्याने सापडलेल्या कर्करोगांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं, दर लाखामागे वर्षाला २७ च्या आसपास. म्हणजे इथे तपासणीने कर्करोग टळला असं दिसत नाही. तो लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि म्हणून बरा करता आला, असा अर्थ निघतो. फायदा तपासणीत जितका, तितकाच त्यानंतर वेळेवर मिळालेल्या उपचारात. हे उपचार अभ्यासाच्या यंत्रणेने मोफत पुरवले होते. फक्त सापडलेले रुग्ण मोजले असते तर अभ्यास फसला असं वाटलं असतं. मृत्यू मोजले म्हणून फायदा दिसला. मृत्यू मोजताना आणखी एक गोष्ट पाहायची असते. मृत्यूचं कारण ठरवणाऱ्याला ती बाई कोणत्या गटातली हे ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर नकळत पारडं झुकू शकतं.

पद्धती विभाग 'का' याचंही उत्तर देतो, आणि ते उत्तर सगळ्यांना पटतंच असं नाही. नियंत्रण गटाला तपासणी का दिली नाही? संशोधकांचं म्हणणं असं होतं की, त्या काळी भारतात अशा तपासणीचा कुठलाही कार्यक्रम नव्हता, त्यामुळे नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच. टीकाकारांचं म्हणणं असं की, पॅप स्मिअरचा उपयोग पाश्चात्त्य देशांत दशकानुदशकं माहीत होता. तो माहीत असताना हजारो स्त्रियांना विनातपासणी ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं समर्थनीय नाही. हा वाद वैद्यकीय नियतकालिकांत खूप गाजला. ज्या ६४ मृत्यूंशी तुलना करून एचपीव्ही तपासणीचं महत्त्व जगाला पटलं, ते मृत्यू याच नियंत्रण गटातले. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला देते.

आता पुन्हा भिवंडी. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचवलेली आहे. दाट वस्ती, भाड्याची खोली, गावाकडून आलेली कुटुंबं, घरातल्या कामावरून सुटका नसलेली बाई, या बाबतीत भिवंडीतली यंत्रमाग वस्ती उस्मानाबादच्या गावांपेक्षा मुंबईच्या झोपडपट्टीला जवळची आहे. म्हणून मुंबईचा निकाल तिथे लागू होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ३१ टक्के घट दिसली ती कशामुळे, हे पद्धती विभागाने सांगितलं आहे: एकाच वस्तीत पुन्हा पुन्हा आलेली आरोग्यसेविका, चार फेऱ्या, न आलेल्यांच्या घरी परत जाणं, आणि दोष आढळलेल्या बाईला निदान आणि उपचारांपर्यंत नेणारी यंत्रणा. गुरुवारी भरून शुक्रवारी उठणारं शिबिर म्हणजे हे सगळं नव्हे. त्या शिबिरामुळे ३१ टक्के मृत्यू घटतील, असं कोणी सांगत असेल, तर ते दुसऱ्याच कामाचा निकाल आपल्या नावावर लावत असतात.

यावरून आईला पाठवू नये, असं मात्र निघत नाही. तिन्ही अभ्यासांत मिळून दिसतं ते असं की, नीट पाहणारी नजर असेल आणि पुढचा रस्ता मोकळा असेल, तर ही स्वस्त तपासणी जीव वाचवू शकते. तिने गुरुवारी जावं आणि जाताना मुलीने चार प्रश्न तिच्या हाती द्यावेत. तपासणी कोण करणार आणि त्यांनी प्रशिक्षण घेतलं आहे का? पांढरा डाग दिसला, तर पुढची तपासणी कुठे, कधी, आणि तिथपर्यंत कोण सोबत येणार? उपचारांचा खर्च कोणाचा? काही आढळलं नाही, तर पुन्हा कधी बोलावणार? आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात एचपीव्ही तपासणी मिळते का, हेही विचारून ठेवावं. शिबिरातल्या ताईंना या प्रश्नांची उत्तरं देता आली, तर मुंबईतल्या स्त्रियांना जे मिळालं, त्याच्या बरंच जवळचं काही या वस्तीत घडतं आहे, असं समजायला हरकत नाही. नाही देता आली, तर डाग दिसल्यावर ती चिठ्ठी घेऊन पुढे कुठे जायचं, हे घरच्यांनी आधीच शोधून ठेवलेलं बरं.